जीएफपी टॅग कुठल्या टोकाला लावायचा? प्रथिनाचा पेशीतला पत्ता शोधणाऱ्या नवख्यांसाठी

मी एका प्रथिनाला जीएफपी हा हिरवा चमकणारा प्रथिनाचा टॅग लावला होता, आणि माझ्या पहिल्या चित्रात यीस्टची प्रत्येक पेशी काठोकाठ हिरवी दिसत होती. मला हवे होते ठिपके. एमडीएच३ हे प्रथिन पेरॉक्सिझोममध्ये राहतं आणि पेरॉक्सिझोम यीस्टमध्ये बारीक ठिपक्यांसारखे दिसतात, एवढं मला वाचून माहीत होतं. मी कॅमेरा बदलून पाहिला, फिल्टर बदलला, पेशी नव्याने वाढवल्या. तीन महिन्यांनी एका वरिष्ठ ताईने प्रथिनाचा अनुक्रम उघडायला सांगितला आणि शेवटच्या तीन अमिनो आम्लांवर बोट ठेवलं: सेरीन, लायसिन, ल्यूसिन. "हाच त्याचा पत्ता आहे, आणि तू नेमका त्याच्यावरच जीएफपी चिकटवलाय," ती म्हणाली.

पहिल्यांदाच हे काम हाती घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. जीव म्हणून मी साधं बेकरीचं यीस्ट घेतलं आहे, कारण त्यात टॅग थेट गुणसूत्रावरच्या मूळ जनुकाला जोडता येतो आणि प्रथिन आपल्या नेहमीच्या प्रमाणातच बनत राहतं. उदाहरणं दोन भावंडांची आहेत: एमडीएच१ आणि एमडीएच३. दोन्ही मॅलेट डिहायड्रोजनेज, काम जवळपास तेच, पण पहिलं मायटोकॉन्ड्रियात राहतं आणि दुसरं पेरॉक्सिझोममध्ये. (मधलं एमडीएच२ पेशीद्रवात असतं. ग्लुकोज मिळालं की पेशी ते मोडून टाकते, म्हणून सुरुवातीला त्याच्या वाटेला जाऊ नका.)

१. प्रायमर मागवण्याआधी दोन्ही टोकं वाचा

प्रथिनाला कुठे जायचं ते बऱ्याचदा त्याच्या एका टोकाला लिहिलेलं असतं. मायटोकॉन्ड्रियाच्या आत जाणाऱ्या बहुतेक प्रथिनांचा पत्ता सुरुवातीला, म्हणजे एन-टोकाला असतो. आत पोचल्यावर तो तुकडा कापला जातो. पेरॉक्सिझोममध्ये जाणाऱ्या बहुतेक प्रथिनांचा पत्ता अगदी शेवटी, सी-टोकाला असतो: एसकेएल, म्हणजे सेरीन-लायसिन-ल्यूसिन, किंवा त्याच्या जवळची तीन अक्षरं. ही अक्षरं शेवटचीच असावी लागतात. त्यांना ओळखणारा वाहक पेक्स५ प्रथिनाचं मोकळं टोक पकडतो. त्या टोकापुढे जीएफपीची २३८ अमिनो आम्लं आली की पकडायला काही उरत नाही.

म्हणून एमडीएच१ला जीएफपी सी-टोकाला लावायचा आणि एमडीएच३ला एन-टोकाला. उलट केलंत तर दोन्ही प्रथिनं पेशीद्रवात पसरतील, आणि चित्र इतकं स्वच्छ येईल की तुमचा त्याच्यावर विश्वास बसेल.

अनुक्रम पाहायला yeastgenome.org वर जा, शोधाच्या चौकटीत `MDH3` टाका आणि प्रथिनाचा अनुक्रम उघडा. सुरुवातीची तीस आणि शेवटची दहा अक्षरं वहीत हाताने लिहून घ्या. पडद्यावर नुसती नजर फिरवली की शेवटची अक्षरं निसटतात.

त्याच पानावर प्रथिनाचं स्थान कुठे सापडलं याच्या नोंदी असतात. त्यातल्या अनेक नोंदींमागे २००३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार झालेला जीएफपी संग्रह आहे. त्यात यीस्टच्या ४,१५६ प्रथिनांची स्थानं पाहिली गेली. काम अफाट आहे आणि आजही रोज उपयोगी पडतं, पण त्यातला प्रत्येक टॅग सी-टोकाला आहे. तुमच्या प्रथिनाच्या शेवटी पत्ता असेल तर त्या संग्रहातल्या "पेशीद्रव" या नोंदीवर विसंबू नका.

२. काय जमवायचं

जनुक बदललेलं यीस्ट वापरायचं तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी लागू शकते. तुमच्या प्रयोगशाळेच्या चालू प्रकल्पात ती आधीच असेल, पण तुमचं प्रथिन आणि तुमचा टॅग तिच्यात बसतो का, हे एकदा विचारून घ्या. दुसरा कागद प्लाझ्मिडचा. ते बाहेरून मागवणार असाल तर साहित्य-हस्तांतर करारावर संस्थेची सही लागते, आणि ही सही प्रयोगापेक्षा जास्त दिवस घेऊ शकते. प्रायमर मागवण्याच्या दिवशीच हा कागद पुढे सरकवा.

बाकी यादी अशी:

- यीस्टचा बीवाय४७४१ वाण. एडीई२ जनुक बिघडलेला वाण घेऊ नका. त्यात तांबडं रंगद्रव्य साठतं, ते स्वतःच चमकतं आणि सगळी चित्रं नासवतं.
- `pFA6a-GFP(S65T)-kanMX6` हे प्लाझ्मिड. यात जीएफपी आहे आणि त्याच्यामागे जी४१८ या औषधाला दाद न देणारं जनुक.
- जास्त लांबीचे दोन प्रायमर आणि तपासणीचे दोन छोटे प्रायमर.
- लिथियम अ‍ॅसिटेट, पीईजी ३३५०, सालमन माशाचा एकपदरी डीएनए, जी४१८.
- लाल खुणेसाठी मायटोट्रॅकर रेड, आणि पेरॉक्सिझोमसाठी शेवटी एसकेएल असलेला, लाल चमकणारा एमचेरी बनवणारं प्लाझ्मिड.
- जीएफपीविरोधी अँटिबॉडी. ही लागत नाही असं वाटतं, पण लागते.
- १०० पट ऑइल भिंग, एनए १.४, आणि ०.१७ मिलिमीटर जाडीची कव्हरस्लिप. डब्यावर १.५ असं छापलेलं असतं. भिंग याच जाडीसाठी घडवलेलं असतं, दुसऱ्या जाडीवर ठिपके फुगतात.

३. प्रायमर: इथे एका अक्षराची चूकही चालत नाही

यीस्टचा मोठा गुण असा की डीएनएच्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना गुणसूत्राशी जुळणारी चाळीसेक अक्षरं असली तर ते तो तुकडा नेमक्या जागी बसवून घेतं. म्हणून सी-टोकाच्या टॅगसाठी आपण प्लाझ्मिडवरून जीएफपी आणि जी४१८चं जनुक एकत्र पीसीआरने वाढवतो, आणि प्रायमरच्या शेपटीत आपल्या जनुकाची अक्षरं घालतो. एन-टोकाच्या टॅगचं दहाव्या भागात येईल.

```
F2: 5'-N40-CGGATCCCCGGGTTAATTAA-3'
R1: 5'-N40-GAATTCGAGCTCGTTTAAAC-3'
```

पहिल्या प्रायमरमधली चाळीस अक्षरं म्हणजे तुमच्या जनुकातली थांब-कोडॉनच्या लगेच आधीची चाळीस. थांब-कोडॉन त्यात येता कामा नये. आला तर प्रथिन तिथेच संपेल, जीएफपी बनणारच नाही, आणि वसाहती मात्र जी४१८वर छान वाढतील. दुसऱ्या प्रायमरमधली चाळीस अक्षरं थांब-कोडॉनच्या नंतरची, पण उलट-पूरक करून.

वाचनचौकट हातानेच तपासा. तुमचा शेवटचा कोडॉन संपतो आणि पुढे `CGG ATC CCC GGG TTA ATT AA` सुरू होतं. त्यातून आर्जिनिन, आयसोल्यूसिन, प्रोलिन, ग्लायसिन, ल्यूसिन, आयसोल्यूसिन अशी छोटी साखळी बनते आणि तिच्यामागून जीएफपी येतो. ही साखळी म्हणजे दोन प्रथिनांमधला सांधा. तुमची चाळीस अक्षरं नेमक्या कोडॉनवर संपली नाहीत तर मागचा जीएफपी निरर्थक होईल.

पीसीआरमध्ये साधारण अडीच हजार अक्षरांची पट्टी यायला हवी. चूक कमी करणारा पॉलिमरेज वापरा आणि ५० मायक्रोलिटरच्या दोन-तीन नळ्या एकत्र करा, कारण पुढे डीएनए भरपूर लागतो.

४. यीस्टमध्ये घालणं

रात्रभर वाढवलेलं यीस्ट सकाळी पातळ करा आणि दोन वेळा तरी दुप्पट होऊ द्या. वाढत्या पेशीच डीएनए नीट घेतात. पेशी धुऊन घ्या आणि या क्रमाने मिसळा: ५० टक्के पीईजी २४० मायक्रोलिटर, १ मोलर लिथियम अ‍ॅसिटेट ३६, उकळून बर्फात थंड केलेला एकपदरी डीएनए ५०, तुमचा पीसीआर तुकडा आणि पाणी मिळून ३४. एकूण ३६० मायक्रोलिटर. मग ४२ अंशांवर ४० मिनिटं. पीईजी दाट असतं, पिपेटला चिकटून राहतं. ते सावकाश ओढा, सावकाश सोडा. माप कमी पडलं तर वसाहती येतच नाहीत.

पेशी लगेच जी४१८वर पसरू नका. औषधाला तोंड देणारं प्रथिन बनायला वेळ लागतो, म्हणून साध्या वायपीडी माध्यमात तीन-चार तास फिरू द्या आणि मग लिटरला २०० मिलिग्रॅम जी४१८ असलेल्या थाळीवर पसरा. दोन-तीन दिवसांत मोठ्या वसाहतींभोवती बारीक वसाहतींचा थर दिसेल. त्या बारीक वसाहती बहुतेक खोट्या असतात. मोठ्या आठ निवडा आणि नव्या जी४१८ थाळीवर पुन्हा रेघा.

एक गोष्ट इथेच सांगतो. काम एकगुणित, म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या पेशीत करा. द्विगुणित पेशीत जनुकाची एक प्रत टॅगशिवाय राहते. एमडीएच३ जोडीने राहणारं प्रथिन आहे, आणि पेरॉक्सिझोम घडी घातलेली प्रथिनं, अगदी जोड्याही, आत घेतो. त्यामुळे पत्ता झाकलेलं प्रथिन पत्ता मोकळा असलेल्या जोडीदाराच्या आधाराने आत जाऊ शकतं. मग चित्र बरोबर दिसतं आणि तुमचा टॅग कसा वागतो ते तुम्हाला कळत नाही.

५. सूक्ष्मदर्शकाकडे जाण्याआधी तीन तपासण्या

नवखे इथेच घाई करतात. मीही थेट सूक्ष्मदर्शकावर गेलो होतो आणि त्यात माझे तीन महिने गेले.

पहिली तपासणी पीसीआर. एक प्रायमर तुमच्या जनुकात, आधीच्या चाळीस अक्षरांच्याही बराच मागे. दुसरा जीएफपीच्या आत. पट्टी आली तर तुकडा योग्य जागी बसला आहे. टॅग नसलेल्या मूळ वाणात हीच पट्टी येता कामा नये. तो नमुना शेजारी चालवा.

दुसरी वेस्टर्न ब्लॉट. जीएफपी सुमारे २७ किलोडाल्टनचा, एमडीएच३ सुमारे ३७ चा. म्हणजे जोडप्रथिनाची पट्टी ६४च्या आसपास हवी. २७ जवळ वेगळी पट्टी दिसली तर जीएफपी तुटून सुटा झाला आहे. सुटा जीएफपी पेशीद्रवात आणि केंद्रकात पसरतो, आणि सूक्ष्मदर्शकाला तुमच्या प्रथिनातला जीएफपी आणि भटकणारा जीएफपी यात फरक कळत नाही. तो फक्त हिरवा रंग दाखवतो. रिक्तिकेत प्रथिनं मोडली जातात तेव्हाही जीएफपीचा घट्ट पिंपासारखा भाग बराच काळ टिकतो, त्यामुळे ही २७ची पट्टी तिथूनही येऊ शकते.

तिसरी तपासणी मला सगळ्यात मोलाची वाटते: टॅग लावल्यावरही प्रथिन काम करतं का? एमडीएच३ काढून टाकलेलं यीस्ट ओलिएटवर, म्हणजे तेलातल्या मेदाम्लावर, वाढत नाही. पेरॉक्सिझोममध्ये मेदाम्ल मोडताना बनणारं एनएडीएच एमडीएच३ परत एनएडीमध्ये बदलतं. ते थांबलं की मेदाम्ल मोडणंही थांबतं. म्हणून ओलिएटच्या थाळीवर तीन वाण शेजारी-शेजारी ठिपक्यांनी लावा: मूळ वाण, एमडीएच३ नसलेला वाण, आणि तुमचा टॅगवाला. माझा सी-टोकाचा टॅगवाला वाण हे जनुक नसलेल्या वाणासारखाच वागला. ही थाळी मी पहिल्या आठवड्यात लावली असती तर सूक्ष्मदर्शक चालू करण्याआधीच कळलं असतं की प्रथिन आपल्या जागी पोचत नाही. एमडीएच१साठी अशीच तपासणी अ‍ॅसिटेटवर करा, कारण ते जनुक नसलेलं यीस्ट अ‍ॅसिटेटवर वाढत नाही.

६. पेशी वाढवणं

वायपीडी माध्यम स्वतःच हिरवट-पिवळं चमकतं. सूक्ष्मदर्शकासाठी पेशी कृत्रिम माध्यमात वाढवा. शक्य असेल तर रायबोफ्लेविन आणि फॉलिक आम्ल नसलेलं नायट्रोजन बेस घ्या. पार्श्वभूमी किती काळी होते ते लगेच दिसेल.

ओडी ०.४ ते ०.८ असताना पेशी घ्या. रात्रभर वाढून दाट झालेल्या पेशी घेऊ नका. त्यांची स्वतःची चमक वाढलेली असते आणि आतली मांडणीही बदललेली असते. संध्याकाळी सुरू करायचं आणि सकाळी योग्य ओडीला पकडायचं, तर रात्री दोन-तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर लावून ठेवा. एक तरी बरोबर सापडते.

एमडीएच३साठी माध्यमाचा प्रश्न आणखी गंभीर आहे. ग्लुकोज असताना यीस्ट पेरॉक्सिझोमकडे फारसं पाहत नाही. ते थोडे आणि लहान असतात, आणि एमडीएच३ही अगदी कमी बनतं. ओलिएट दिलं की दोन्ही वाढतात. म्हणून आधी कमी ग्लुकोजमध्ये वाढवा, धुवा, आणि ०.२ टक्के ओलिएट व थोडं ट्वीन असलेल्या माध्यमात रात्रभर ठेवा. पाहण्याआधी पेशी दोनदा पाण्याने धुवा, नाहीतर तेलाचे थेंब चित्रात गोल सावल्या टाकतात.

पेशी काचेवर पोहत राहतात. कव्हरस्लिपवर कॉनकॅनाव्हॅलिन-ए लावून वाळवा, त्यावर पेशी टाका, पाच मिनिटं बसू द्या आणि सुट्या पेशी धुऊन काढा. फॉर्मल्डिहाइडने पेशी स्थिर करण्याचा मोह टाळा. जीएफपीचा मोठा फायदा म्हणजे जिवंत पेशी पाहता येते, आणि स्थिर करताना चमक घटते व पार्श्वभूमी वाढते.

७. रोज सोबत न्यायचे नमुने

तुमचा वाण एकटा कधीच नेऊ नका. त्याच दिवशी, त्याच माध्यमात वाढवलेले हे चारही सोबत हवेत.

टॅग नसलेला मूळ वाण सांगतो की पेशीची स्वतःची चमक किती. सुटा जीएफपी बनवणारा वाण "कुठेच पत्ता नसलेलं प्रथिन" कसं दिसतं ते दाखवतो. माझं पहिलं चित्र मी या वाणाशेजारी ठेवलं असतं तर दोन्ही सारखीच दिसली असती. फक्त हिरवा असलेला आणि फक्त लाल असलेला, असे दोन एकरंगी नमुने हिरव्याचा प्रकाश लाल वाहिनीत गळतो का, लालचा हिरव्यात गळतो का, ते सांगतात. हे दोन नसतील तर "हिरवा आणि लाल एकावर एक आले" या वाक्याला आधारच नाही.

८. फोटो काढणं

आधी साध्या प्रकाशात पेशी शोधा आणि फोकस करा. हिरव्या वाहिनीत पेशी शोधत बसलात तर शोधता-शोधताच जीएफपी विझतो. जागा पक्की झाली की लाल-हिरव्याची मालिका काढा.

एक्सपोजर मूळ वाण आणि तुमचा वाण दोन्ही पाहून एकदाच ठरवा, आणि त्या दिवशी पुन्हा बदलू नका. आमच्या कॅमेऱ्यावर एमडीएच१-जीएफपीला ३०० मिलिसेकंद पुरतात. तुमचा आकडा वेगळा येईल. पडद्यावरचा हिस्टोग्राम उजव्या भिंतीला टेकत असेल तर चित्र भरून गेलं आहे आणि त्यातून पुढे काही मोजता येणार नाही. मग प्रकाश कमी करा.

पेशी पाच मायक्रॉनची आहे, एका फोकसमध्ये ती पूर्ण मावत नाही. वरून खाली ०.२ ते ०.३ मायक्रॉनच्या पायऱ्यांनी चित्रं घ्या. प्रत्येक पायरीवर आधी लाल आणि मग हिरवं घेतलंत तर दोन्ही रंगांमध्ये वेळेचं अंतर कमी राहतं. पेरॉक्सिझोम हलतात. आधी पूर्ण हिरवी आणि नंतर पूर्ण लाल मालिका घेतली तर ठिपके सरकलेले दिसतील आणि तुम्ही म्हणाल, एकत्र नाहीत.

फाइल कॅमेऱ्यातून आली तशीच, मूळ स्वरूपात ठेवा. जेपीईजी फक्त गाइडना फोनवर पाठवायला.

९. चित्र वाचणं

फिजी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. ते चित्र उघडताना तेजाची मर्यादा आपोआप ताणू शकतं, आणि मग मूळ वाणाची मंद चमकही तेजस्वी दिसते. म्हणून सगळ्या चित्रांना एकच मर्यादा द्या:

```
setMinAndMax(200, 3000);
```

आकडे तुमच्या कॅमेऱ्याप्रमाणे ठरवा, पण मूळ वाण आणि टॅगवाला या दोघांना तेच द्या.

आता एमडीएच१-जीएफपी पाहा. पेशीच्या कडेलगत वाकडीतिकडी नळ्यांची जाळी दिसायला हवी, काही ठिकाणी फांद्या फुटलेल्या. मधल्या एकाच फोकसमध्ये मात्र ती जाळी दिसत नाही, फक्त कडेवर तुटक ठिपके दिसतात. हेच चित्र पाहून कोणी "पेशीपटलावर ठिपके" असं लिहून बसतं. मालिका वर-खाली सरकवून पाहा, ठिपके नळ्यांना जोडले जातात.

आता लाल खूण. मायटोट्रॅकर रेड १०० नॅनोमोलर, वीस मिनिटं, मग धुणं. तो मायटोकॉन्ड्रियाच्या पटलावरच्या विद्युतदाबामुळे आत ओढला जातो. मेलेल्या किंवा दमलेल्या पेशीत तो नीट बसत नाही, सगळीकडे पसरतो. दोन्ही रंगांत सर्वांगाने भरून चमकणारी पेशी मेलेली समजा आणि मोजणीतून वगळा. हा नियम मोजणी सुरू करण्याआधी वहीत लिहा, नंतर नाही.

हिरव्या-लालची जुळणी पाहायला प्रत्येक फोकसचं चित्र वेगळं पाहा. सगळे थर एकावर एक चेपून बनवलेल्या चित्रात पेशीच्या वरचा ठिपका आणि तळाचा ठिपका एकाच जागी पडतात, आणि जुळणी नसताना दिसते. पिवळ्या रंगावरही निर्णय देऊ नका. एक वाहिनी जास्त उजळ केली की पिवळं नाहीसं होतं. फिजीतल्या कोलोक-२ ने पिअरसन सहगुणक काढा. मग लाल चित्र ९० अंशांनी फिरवून तोच सहगुणक पुन्हा काढा. पेशी भरलेली असेल तर फिरवल्यावरही काही आकडा येतोच. मूळ आकडा त्याच्या किती वर आहे, यालाच अर्थ आहे.

आणि एक मर्यादा ध्यानात ठेवा. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ५१० नॅनोमीटर. १.४ एनएच्या भिंगाने २०० नॅनोमीटरपेक्षा जवळच्या दोन वस्तू साधारणपणे वेगळ्या दिसत नाहीत. पेरॉक्सिझोम स्वतःच या मर्यादेच्या आसपासच्या मापाचा असतो. म्हणजे तुमचं प्रथिन पेरॉक्सिझोमच्या आत आहे की त्याला बाहेरून चिकटलेलं, हे या चित्रावरून कळत नाही. त्यासाठी पेशी फोडून, प्रोटिएज घालून, पटलाने प्रथिन वाचवलं का ते पाहावं लागतं.

१०. एमडीएच३: टॅग पुढच्या टोकाला

चूक कळल्यावर मला सुचलेला पहिला उपाय असा होता: सी-टोकाचा जीएफपी तसाच ठेवायचा आणि त्याच्या शेवटी पुन्हा एसकेएल लिहायचं. ठिपके नक्की दिसले असते. पण एसकेएल शेवटी असलेला नुसता जीएफपीही पेरॉक्सिझोममध्ये जातो. आम्ही लाल खूण बनवतो तीही अशीच. त्या चित्रातून एमडीएच३बद्दल काहीही सिद्ध झालं नसतं, पत्ता मीच लिहिलेला असता.

खरा उपाय म्हणजे जीएफपी सुरुवातीला बसवणं आणि मूळ शेवट मोकळा ठेवणं. पेरॉक्सिझोम घडी घातलेलं प्रथिन आत घेत असल्याने पुढे बसलेला जीएफपी आड येत नाही. अडचण प्रमोटरची आहे. सुरुवातीला टॅग लावताना औषध-प्रतिकाराचं जनुक मूळ प्रमोटर आणि जनुक यांच्या मध्ये येतं, म्हणून सोप्या प्लाझ्मिडांमध्ये त्याच्यासोबत जीएएल१ प्रमोटर दिलेला असतो. तो गॅलॅक्टोजवर प्रथिनाचा पूर आणतो. मी तो वापरला. ठिपके दिसले, पण भोवती हिरवं धुकंही होतं. पेरॉक्सिझोम जेवढं आत घेऊ शकतात त्यापेक्षा जास्त प्रथिन बनत होतं आणि उरलेलं बाहेर साचत होतं. त्या धुक्याला "थोडं प्रथिन पेशीद्रवातही असतं" असं नाव देणं चूक ठरलं असतं.

शेवटी मूळ प्रमोटर, मग जीएफपी, मग पूर्ण एमडीएच३, अशी रचना एकाच प्रतीत राहणाऱ्या सेंट्रोमेर-प्लाझ्मिडवर बांधली आणि एमडीएच३ नसलेल्या वाणात घातली. वाइझमन संस्थेतल्या माया शुल्डिनर यांच्या प्रयोगशाळेने स्वॅट नावाची पद्धत आणली आहे. तिच्यात मधला तुकडा नंतर कापून निघतो आणि जीएफपी मूळ प्रमोटरखाली राहतो. तसे वाण मिळत असतील तर बांधणीचे महिने वाचतील.

या वाणाने ओलिएटच्या थाळीवर मूळ वाणासारखी वाढ दाखवली. मग ब्लॉट: ६४च्या आसपास एकच पट्टी. मग सूक्ष्मदर्शक: ओलिएटमध्ये प्रत्येक पेशीत गोल, सुटे ठिपके, धुकं जवळपास नाही, आणि लाल एमचेरी-एसकेएलचे ठिपके त्याच जागी. शेवटचं पान म्हणून मी पेक्स५ जनुक काढून टाकलेल्या वाणात हीच रचना घातली. वाहक नाही, म्हणून हिरवा रंग पुन्हा सगळीकडे पसरला. माझ्या सगळ्या प्रयोगात सर्वात भक्कम पुरावा मी याच चित्राला मानतो. पहिल्या चित्रासारखंच ते पूर्ण हिरवं आहे, पण यावेळी ते तसं का आहे, हे मला माहीत होतं.

११. निष्कर्ष कसा लिहायचा

"एमडीएच३ पेरॉक्सिझोममध्ये असते" असं लिहू नका. तुम्ही एमडीएच३ पाहिलेलं नाही, जीएफपी जोडलेलं एमडीएच३ पाहिलं आहे. माझ्या प्रबंधात हे वाक्य असं आहे: "ओलिएटवर वाढवलेल्या बीवाय४७४१ पेशींत, मूळ प्रमोटरखालील, एन-टोकाला जीएफपी जोडलेले आणि ओलिएटवरील वाढ टिकवणारे एमडीएच३ हे एमचेरी-एसकेएलच्या ठिपक्यांशी जुळते, पेक्स५ नसताना ही जुळणी नाहीशी होते." चित्राखाली प्रत्येक वेळी किती पेशी मोजल्या, किती स्वतंत्र वाढींतून घेतल्या, एक्सपोजर किती, तेजाची मर्यादा कोणती आणि दाखवलेलं चित्र एका फोकसचं की थर चेपून बनवलेलं, हे लिहा. मोजपट्टीची रेघ टाका आणि ती किती मायक्रॉनची आहे ते शब्दांत द्या. आणि सी-टोकाच्या टॅगचं ते पूर्ण हिरवं चित्र पुरवणीत जरूर छापा, म्हणजे त्याच प्रथिनावर काम सुरू करणाऱ्या पुढच्या विद्यार्थ्याला ते शोधल्यावर सापडेल.